‘अर्न’चं व्याज नक्की येतं कुठून? भाच्याच्या अ‍ॅपवर ११ टक्के दिसतंय

सातपूरकर
नमस्कार मंडळी. अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, क्रिप्टोतलं मला ओ की ठो कळत नाही. दिवाळीला भाचा घरी आला होता. फराळाच्या ताटाशेजारी मोबाइल ठेवून त्याने दाखवलं, चार लाखांचे यूएसडीटी एका अ‍ॅपवर ‘फ्लेक्सिबल अर्न’मध्ये ठेवलेत. ११ टक्के, रोज व्याज जमा, कधीही काढा. रात्री बारानंतर आकडा खरंच वाढला, तेही मी पाहिलं.

माझा प्रश्न साधा आहे. आमच्या पतसंस्थेत ठेवीवर साडेआठ मिळतात आणि मी तिथूनच सीएनसी मशिनसाठी साडेतेराने कर्ज उचललंय. म्हणजे ठेवीदारांना व्याज कोण देतं? तर मी देतो, दर महिन्याच्या दहा तारखेला, दात-ओठ खात. तसा या अ‍ॅपच्या पलीकडे बसलेला ‘मी’ कोण आहे? भाच्याला विचारलं तर म्हणाला, “मामा, ते अल्गोरिदम करतं.” अल्गोरिदम हप्ते भरतं का?

निओ_पंचवटी
काका, यात घाबरण्यासारखं काही नाही. याला स्टेकिंग म्हणतात. तुमची नाणी नेटवर्कच्या सुरक्षेसाठी लागतात आणि त्याबद्दल ब्लॉकचेन स्वतःच नवीन नाणी तयार करून बक्षीस देते. कर्जदार वगैरे लागतच नाही. मी स्वतः दोन वर्षं इथेरियमवर घेतोय.

आडगाव_नाका
अल्गोरिदम, ब्लॉकचेन, सगळी रंगरंगोटी. नव्याचे पैसे जुन्याला. पॉन्झी. विषय संपला.

खतावणी
विषय इतक्यात संपत नाही, नाकेकर. आणि निओ, तुमचं इथेरियमपुरतं बरोबर आहे, पण ते इथे लागू नाही. इथेरियमवर स्टेकिंग होतं आणि त्याचं उत्पन्न साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं. बिटकॉइनमध्ये स्टेकिंग नावाचा प्रकारच नाही. यूएसडीटी तर डॉलरची चिठ्ठी आहे, ती पडून राहिली तर तिला पिल्लं होत नाहीत. या दोन्हींवर व्याज मिळत असेल तर कोणीतरी ती उसनी घेऊन त्याचं भाडं भरतंय, किंवा कंपनी स्वतःच्या खिशातून देतेय. तिसरी वाट नाही. त्यामुळे सातपूरकरांचा प्रश्नच खरा प्रश्न आहे.

मी सिंगापूरला एका ट्रेडिंग फर्मच्या सेटलमेंट डेस्कवर सहा वर्षं होतो, आता गंगापूर रोडला घरी असतो. आमचं काम म्हणजे कोणाला किती नाणी उसनी दिली, तारण काय आलं, परत कधी येणार याची वही. सगळे कर्जदार सांगत बसलो तर रात्र जाईल, म्हणून एकच सांगतो, कारण २०१९ ते २०२१ मधलं बिटकॉइनवरचं बरंचसं व्याज या एका धंद्यातून यायचं.

अमेरिकेत ग्रेस्केल नावाच्या कंपनीचा एक ट्रस्ट होता, जीबीटीसी. ट्रस्टकडे बिटकॉइन, आणि त्याचे शेअर बाजारात विकले जायचे. ज्यांना थेट बिटकॉइन घेता येत नव्हतं ते हे शेअर घ्यायचे आणि चढ्या भावाने घ्यायचे. आत शंभराचं बिटकॉइन, तर शेअरचा भाव एकशे वीस. डिसेंबर २०२० मध्ये हा फरक चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला होता. मोठ्या गुंतवणूकदारांना मात्र ट्रस्टला थेट बिटकॉइन देऊन शंभराला शंभर या दराने शेअर मिळायचे. अट एकच, सहा महिने विकायचे नाहीत; २०२० च्या आधी तर वर्षभर.

आता हिशेब करा. मी तुमच्याकडून १ बिटकॉइन वर्षाला ६ टक्क्यांनी उसना घेतला आणि ट्रस्टला देऊन शेअर घेतले. सहा महिन्यांनी शेअर २० टक्के चढ्या भावाने विकले, हातात १.२० बिटकॉइनएवढे पैसे आले. ट्रस्टची फी वर्षाला २ टक्के, म्हणजे सहा महिन्यांची एक टक्का धरा, राहिले १.१९ च्या आत-बाहेर. तुमचा १ बिटकॉइन आणि व्याजाचे ०.०३ परत केले. मला सुमारे ०.१६ बिटकॉइन सुटले, तेही स्वतःचं नाणं न लावता. आणि यात बिटकॉइनचा भाव चढला की पडला याने मला फरक पडत नाही, कारण कर्जही बिटकॉइनमध्येच आहे. म्हणून अशा माणसाला ६ टक्के जड नव्हते. ते ६ टक्के खोटे नव्हते, नाकेकर. खराखुरा कर्जदार खऱ्या नफ्यातून देत होता.

दादा_सिडको
विषय बिटकॉइनचा आहे म्हणून विचारतो. २०१७ ला एका मित्राच्या सांगण्यावरून मी थोडे घेतले होते, वॉलेट जुन्या लॅपटॉपवर आहे. वॉलेट परत उघडायला लागणारी बारा शब्दांची चिठ्ठी घर बदलताना हरवली. दहा शब्द आठवतात. काही होऊ शकतं का?

सातपूरकर
दादा, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा ना.

खतावणी साहेब, हे समजलं. माझ्या भाषेत, एका दुकानात माल शंभरला आणि शेजारच्या दुकानात एकशे वीसला, मधे सहा महिने माल गोदामात अडकलेला. पण तो एकशे वीस सहा महिन्यांनीही एकशे वीसच राहील हे कोणी सांगितलं?

पिंपळगावकर
सातपूरकर, आमचं द्राक्षांचं हेच असतं हो. तीन वर्षांपूर्वी एक व्यापारी बागेत आला. गावात सगळे जो भाव देत होते त्याच्यापेक्षा किलोला पाच रुपये जास्त बोलला. रोख नाही, पंधरा दिवसांनी. पहिले दोन ट्रक गेले, पैसे वेळेवर. तिसऱ्याला एक आठवडा उशीर. चौथ्यानंतर फोन बंद. नंतर कळलं, तो माल पुढे उधारीवर देत होता आणि पुढच्याने त्याला बुडवलं. तो काही घरातून ठगायला निघाला नव्हता असं आता वाटतं, पण माझे साडेसहा लाख गेले ते गेलेच. पाच रुपये जास्त कुठून आले हे मी त्याला एकदाही विचारलं नाही.

मीरा_इंदिरानगर
मी या सगळ्यातून गेले आहे म्हणून लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही. २०२१ मध्ये नोकरीतल्या बोनसचे दोन लाख ऐंशी हजार एका अशाच ‘अर्न’ खात्यात ठेवले, १२ टक्क्यांच्या पुढे व्याज होतं. २०२२ च्या पावसाळ्यात सकाळी मुलाचा डबा भरताना मेल आला, “बाजारातील परिस्थितीमुळे पैसे काढणे तात्पुरते थांबवत आहोत.” अ‍ॅप उघडलं तर ‘विथड्रॉ’चं बटण करडं झालं होतं, दाबलं तरी काही होत नव्हतं. आणि गंमत म्हणजे शिल्लक रोज वाढतच होती. महिनाभर व्याज जमा होत राहिलं, काढता येत नसलेल्या पैशांवर.

मला अजूनही एक कळत नाही. त्यांनी लिहिलं होतं की पैसे सुरक्षित आहेत, फक्त तरलतेची अडचण आहे. सुरक्षित असतील तर द्यायला काय हरकत होती?

खतावणी
सातपूरकर, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तो एकशे वीस राहिला नाही.

सगळ्यांनाच हा धंदा कळला, त्यामुळे सहा महिन्यांच्या कुलपातून सुटलेले शेअर बाजारात येतच राहिले. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅनडात बिटकॉइनचा ईटीएफ सुरू झाला, म्हणजे बिटकॉइनच्या भावाच्या जवळच शेअर बाजारात मिळणारा फंड, मग चढा भाव देऊन जीबीटीसी कोण घेणार? त्याच महिन्याच्या अखेरीस फरक उलटा झाला, शंभराचं बिटकॉइन आणि शेअर शंभराच्या खाली. पुढे २०२२ च्या शेवटी तो पन्नासच्या आसपास आला. ट्रस्टला शेअर परत देऊन बिटकॉइन मागायची सोय तेव्हा नव्हतीच, दार एकाच बाजूने उघडायचं.

मघाचाच हिशेब पुन्हा करा. १ बिटकॉइन उसना, आणि सहा महिन्यांनी शेअर विकले तर ०.८० हाती. परत करायचे १.०३. आता कर्जदार काय करतो? शेअर विकून तोटा मान्य करत नाही, कर्जाची मुदत वाढवून घेतो आणि तेच शेअर तारण म्हणून दाखवतो. सावकारही काही बोलत नाही, कारण बोलला तर तोटा त्याच्या वहीत येतो. कर्ज ‘चालू’ दिसत राहतं, व्याज जमा होत राहतं. मीराताई, तुमच्या अ‍ॅपवर वाढणारा आकडा म्हणजे या चालू दिसणाऱ्या वहीचाच शेवटचा रकाना.

यातला एक मोठा कर्जदार म्हणजे थ्री अ‍ॅरोज कॅपिटल, तेव्हा सिंगापूरचा फंड. २०२० अखेर त्यांच्याकडे जीबीटीसीचे जवळपास ३ कोटी ८९ लाख शेअर होते. शिवाय त्यांनी लुना नाण्यात पैसे घातले, आणि ते मे २०२२ मध्ये मातीमोल झालं. २७ जून २०२२ ला ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या कोर्टाने फंड गुंडाळण्याचा आदेश दिला. त्यांना सर्वात जास्त उधारी देणारी कंपनी होती जेनेसिस, २ अब्ज ३६ कोटी डॉलर. तारण होतं, पण पूर्ण रकमेचं नव्हतं. ते विकूनही एक अब्जाहून मोठं भगदाड राहिलं.

आता साखळी बघा. अमेरिकेत जेमिनी एक्सचेंजवर ‘अर्न’ होतं, सुरुवातीला ७.४ टक्क्यांपर्यंत व्याज. सुमारे ३ लाख ४० हजार ग्राहकांचे ९० कोटी डॉलर. हे पैसे जेमिनी पुढे जेनेसिसला द्यायची आणि मधे स्वतःची फी कापून घ्यायची. ग्राहकाला अ‍ॅपवर दिसायची जेमिनी, पैसे जेनेसिसकडे आणि जेनेसिसकडून थ्री अ‍ॅरोजसारख्यांकडे. ग्राहकाने पैसे मागितले की जेनेसिसने पाच कामकाजी दिवसांत द्यायचे असं ठरलेलं. पण पुढे दिलेली कर्जं काही पाच दिवसांत मागता येत नाहीत.

भगदाड पडल्यावर जेनेसिसच्या मालक कंपनीने, म्हणजे डीसीजीने ते ‘भरलं’. कशाने? १ अब्ज १० कोटी डॉलरच्या वचनचिठ्ठीने. मुदत दहा वर्षं, व्याज १ टक्का. वहीत पाहिलं तर मालमत्तेच्या बाजूला १ अब्ज १० कोटी आले, ताळेबंद जुळला. ग्राहक पाच दिवसांत मागणार, आणि तुमच्याकडे २०३२ ला मिळणारा कागद. आणि हो, ग्रेस्केलही याच डीसीजीची.

मीराताईंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. जोवर रोज थोडे लोक काढतात आणि थोडे ठेवतात, तोवर हे चालतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं क्रिप्टो एक्सचेंज कोसळलं आणि सगळे एकदम दारात आले. हातातली रोकड पहिल्या रांगेला पुरली असती, मागच्यांना तो कागद उरला असता. म्हणून १६ नोव्हेंबरला दार बंद केलं, आणि १९ जानेवारी २०२३ ला जेनेसिस दिवाळखोरीत गेली. ‘तरलतेची अडचण’ हा शब्द अशा वेळी अर्धाच खरा असतो. पैसे अडकलेत हे खरं. त्यातले काही गेलेतही, ते त्या वाक्यात नसतं.

आडगाव_नाका
एवढं रामायण ऐकून मी तरी एवढंच समजलो की नव्याच्या पैशातून जुन्याला दिलं. मग मी पहिल्या दिवशी म्हणालो ते काय वेगळं होतं?

खतावणी
वेगळं आहे. पॉन्झीत मुळात धंदाच नसतो. इथे धंदा होता, तो संपला आणि व्याजाची पाटी तशीच राहिली. पण तुमचं अर्धं म्हणणं सेल्सिअसला, म्हणजे अशीच ‘अर्न’ खाती चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला लागू पडतं, ते मान्य करतो. कोर्टाने नेमलेल्या परीक्षकाच्या जानेवारी २०२३ च्या अहवालात आहे की १२ जून २०२२ ला पैसे काढणं बंद करण्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांत काही वेळा नव्या ठेवींतूनच जुन्यांना पैसे दिले गेले. त्यांचा मालक मशिन्स्की याने नंतर गुन्हा कबूल केला आणि मे २०२५ मध्ये त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. धंद्याने सुरुवात करून तुमच्या शब्दाकडे सरकत जाता येतं, हे खरं.

मीरा_इंदिरानगर
त्या लोकांना शेवटी पैसे मिळाले का? मला अजून तुकड्यातुकड्यांनी येताहेत.

खतावणी
दोन्हीकडे मिळाले, पण फार वेगळ्या पद्धतीने, आणि हे आपल्याकडे फारसं कोणी लिहीत नाही.

जेमिनीच्या ग्राहकांना मे २०२४ मध्ये नाण्याच्या बदल्यात नाणं मिळालं. १ बिटकॉइन ठेवलेल्याला पहिल्या फेरीत जवळपास ०.९७ बिटकॉइन. मधल्या अठरा महिन्यांत भाव चढल्यामुळे डॉलरमध्ये मोजलं तर दार बंद झालं तेव्हाच्या दुपटीहून जास्त झाले. सेल्सिअसच्या लोकांचे दावे मात्र १३ जुलै २०२२ च्या, म्हणजे दिवाळखोरीच्या दिवशीच्या डॉलर भावाने गोठवले गेले. तेव्हा बिटकॉइन १९,९०० डॉलरच्या जवळ होता. २०२४ च्या सुरुवातीला वाटप सुरू झालं तेव्हा तो चाळीस हजारांच्या वर होता, आणि त्या गोठलेल्या आकड्याचाही एक भागच मिळाला. ‘माझं नाणं’ म्हणणारा माणूस तिथे ‘अमुक डॉलरचा दावेदार’ झाला.

आणखी एक. ४ जानेवारी २०२३ ला न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांनी निकाल दिला की सेल्सिअसच्या अर्न खात्यांतली नाणी ग्राहकांची नाहीतच, कंपनीची आहेत. सुमारे ६ लाख खाती, ४ अब्ज २० कोटी डॉलर. आधार काय? ‘मान्य आहे’ म्हणून सगळ्यांनी टिचकी मारलेल्या अटी. त्यात मालकी हस्तांतरित होते असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

निओ_पंचवटी
हे सगळं २०२२ चं झालं. आता कंपन्या शहाण्या झाल्यात, कर्जाहून जास्त तारण घेतात, रिझर्व्हचे पुरावे छापतात. २०२२ च्या चष्म्यातून कायम बघत बसलं तर बँकेतही पैसे ठेवू नयेत.

खतावणी
तारणाबद्दल तुमचं काही अंशी खरं आहे, बाजार तेव्हापेक्षा सावध झालाय. पण रिझर्व्हच्या पुराव्यात अमुक पत्त्यावर अमुक नाणी आहेत एवढंच दिसतं. देणं किती आहे, पुढे कोणाला दिलंय, ती नाणी स्वतःची की कालच उसनी आणलेली, हे त्यात आपोआप येत नाही. आणि बँकेतल्या ठेवीला आपल्याकडे पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे शून्य.

निओ_पंचवटी
मला पटत नाही, पण असो. माझे तिथे आहेत आणि राहणार.

सातपूरकर
आता मुद्द्याचं सांगा, भाच्याला काय विचारू? “धोका आहे” म्हटलं की तो “मामा, तुमची पिढी…” सुरू करतो.

खतावणी
धोका शब्द काढूच नका. त्याच्या अ‍ॅपवरचा यूएसडीटीचा दर आणि आवे या खुल्या कर्जबाजारातला यूएसडीटीचा दर त्याला शेजारी शेजारी ठेवायला सांगा. तिथे कोणी किती उसने घेतले, तारण किती, हे कोणालाही दिसतं आणि दर दिवसागणिक हलतो. त्या दिवशी तिथे चार-पाच असतील आणि अ‍ॅपवर अकरा, तर वरचे सहा कोण देतंय ते विचारायला लावा. जाहिरातीचा खर्च म्हणून कंपनी देत असेल तर बहुतेक वेळा पहिल्या अमुक डॉलरपुरतंच असतं, चार लाखांवर नाही, तेही तपासा. आणि अ‍ॅपवरचा अकराचा आकडा गेल्या सहा महिन्यांत हलला का, ते बघा. खरं भाडं बाजारासारखं वर-खाली होतं. ११ च्या ११ राहिलेला दर कोणीतरी टेबलावर बसून ठरवलेला असतो.

मग अटींमध्ये ‘title’, म्हणजे मालकी, आणि ‘rehypothecate’, म्हणजे तुमची नाणी पुढे तारण ठेवणं, हे दोन शब्द शोधू द्या. मोबाइलवर पटकन सापडतात.

पिंपळगावकर
खतावणी, हाच प्रश्न मी त्या व्यापाऱ्याला विचारायला हवा होता. वरचे पाच रुपये.

सातपूरकर (चार दिवसांनंतर)
अपडेट. भाच्याला व्हिडिओ कॉलवर बसवलं. आवेवर त्या दिवशी साडेचारच्या आसपास दिसत होतं. अ‍ॅपवर ११ चा आकडा फक्त पहिल्या ५०० यूएसडीटीवर होता, पुढच्या सगळ्यावर ५.२, हे त्याला चार महिन्यांत कळलंच नव्हतं. राग आला त्याला, पण माझ्यावर नाही. ‘title’ शब्द सापडला, अटींमधल्या नवव्या कलमात. अ‍ॅपच्या चॅटवर विचारलं, कर्ज कोणाला देता? उत्तर आलं, “निवडक संस्थात्मक भागीदारांना.” नाव विचारलं तर तेच वाक्य पुन्हा.

त्याने निम्मे काढायची विनंती टाकलीय. ‘फ्लेक्सिबल’ लिहिलं होतं, पण काल रात्रीपासून स्क्रीनवर ‘प्रोसेसिंग’ फिरतंय. हे नेहमीचं असतं का?

मीरा_इंदिरानगर
एक-दोन दिवस लागू शकतात. त्याला सांगा, त्या पानाचा आणि व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेव. माझ्याकडे तो नव्हता आणि दावा भरताना फार त्रास झाला.

दादा_सिडको
वेगळा धागा काढला आहे, कोणी बघितलाच नाही. आता अकरावा शब्दही आठवलाय.